ब्रँड किट दिलं, तरी साइटवर पाच तऱ्हेचे लोगो! हस्तांतरात नेमकं काय द्यावं?

निळीशाई

मंडळी, सल्ला हवा आहे. थोडं रडगाणंही आहे, ते गोड मानून घ्या.

मी एकटीच डिझाइनची कामं घेते. सहा महिन्यांपूर्वी एका छोट्या स्टार्टअपचा लोगो केला. नारिंगी रंगाच्या तीन आडव्या पट्ट्यांचं चिन्ह आणि शेजारी नाव. काम संपल्यावर रीतसर किट दिलं: ११ फोल्डर, ६४ फाइली आणि ४२ पानांची नियमावली पीडीएफमध्ये. 'लोगो कसा वापरू नये' यावरच सहा पानं खर्ची घातली होती.

परवा सहज त्यांची साइट उघडली आणि डोक्याला हात लावला. हेडरमध्ये लोगो इवलासा, तर 'आमच्याविषयी'च्या पानावर तोच लोगो दुप्पट मोठा. फूटर गडद आहे, तिथे लोगोमागे पांढरा चौकोन चिकटवलेला. ब्लॉग फोनवर उघडला, तर नावाचा टाइप भलताच. ब्राउझरच्या टॅबमध्ये अख्खा आडवा लोगो कोंबलाय, तो मुंगीसारखा दिसतो. बटणांचे नारिंगी मोजले, तीन निघाले.

डेव्हलपरला दोष द्यायला गेले, तर त्या बिचाऱ्याने सगळ्या मीच दिलेल्या फाइली वापरल्यात. आता त्यांना किट नव्याने हवंय. या वेळी काय देऊ, काय गाळू?

चहाटळ

४२ पानं! एवढं तर लोक घराचं करारपत्रही वाचत नाहीत.

अर्धविराम

सोपं आहे. सगळ्या पीएनजी उडवा, एकच एसव्हीजी द्या. एसव्हीजी कितीही मोठी करा, फुटत नाही. रंग बदलायचा तर डेव्हलपर कोडमधून बदलतो. ६४ ची १ फाइल, विषय संपला.

खटपट्या

अर्धविराम, निम्मं पटलं. उरलेल्या निम्म्यावर येतोच, आधी निळीशाई ताईंच्या यादीकडे बघू. मी दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणजे अशी किटं ज्याच्या अंगावर येऊन पडतात तो डेव्हलपर.

लोगो एकीकडे इवलासा आणि दुसरीकडे दुप्पट, याचं कारण मी न बघता सांगतो. तुमच्या एका फाइलमध्ये लोगोभोवतीची मोकळी जागा फाइलीतच भरलेली असणार, आणि दुसरी फाइल लोगोच्या कडेला घट्ट कापलेली असणार. समजा, लोगो ३२० बाय ८० चा आहे आणि चारी बाजूंनी ४० सोडून फाइल केली. फाइल झाली ४०० बाय १६०. मी कोडमध्ये उंची ४० पिक्सेल दिली की दिसणारा लोगो उरतो २० चा. घट्ट फाइल वापरली तर त्याच कोडमध्ये ४० चा दिसतो. शिवाय डावीकडची ती रिकामी जागा अदृश्य असल्यामुळे लोगो खालच्या मजकुराच्या रेषेत कधीच बसत नाही. मग कोणीतरी वैतागून `margin-left: -10px` घालतो आणि तिथून पुढे घसरगुंडी सुरू.

म्हणून साइटसाठीची प्रत्येक फाइल घट्ट कापलेली द्या. मोकळी जागा हा नियम आहे, तो फाइलीत कोंबू नका. 'चारी बाजूंना लोगोच्या उंचीच्या निम्मी जागा सोडा' असं एका वाक्यात लिहा, जागा आम्ही कोडमध्ये सोडतो.

निळीशाई

अगदी हेच! 'सोशल' फोल्डरमधल्या फाइलींना मी जागा सोडली होती, 'वेब'मधल्यांना नाही. त्याने दोन्हीकडच्या उचलल्यात. आणि मी नियमावलीत मोकळ्या जागेची सुंदर आकृती काढली होती हो...

पाटीपेन्सिल

ब्लॉगवरचा टाइप बदलला, त्याचं कारण आणखी सोपं. एसव्हीजीत नाव अक्षरं म्हणूनच राहिलंय, त्याची आकृती केलेली नाही. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला बरोबर दिसतं. ज्याच्याकडे नाही, त्याला ब्राउझर हाताला लागेल तो फॉन्ट देतो.

गोंद्या

पण साइटवर तर तोच फॉन्ट लोड केलेला असतो ना? मग लोगोला का नाही मिळत?

खटपट्या

गोंद्या, चांगला प्रश्न. एसव्हीजी `<img>` मधून लावली की ती स्वतःच्या बंद खोलीत असते. पानाचे फॉन्ट, पानाची सीएसएस, काहीच आत जात नाही. अर्धविराम यांचं 'रंग कोडमधून बदलतो' हेही तिथेच अडतं. फाइलीत `fill="currentColor"` लिहून ठेवलं तरी `<img>` मधून लावल्यावर बाहेरचा रंग येत नाही, लोगो काळा दिसतो. रंग बदलायचा तर एसव्हीजीचा सगळा कोड पानातच चिकटवावा लागतो.

चिकटवला तरी त्याची वेगळी मजा. एकदा आम्ही असाच लोगो हेडर आणि फूटर दोन्हीकडे चिकटवला. लोगोत ग्रेडियंट होता आणि दोन्ही प्रतींत त्याचा आयडी `a`. मोबाइलवर हेडरचा लोगो `display: none` केला, तर फूटरच्या लोगोचा रंगच गायब! दुसरी प्रत पहिलीचा ग्रेडियंट शोधत होती आणि पहिली तर लपवलेली. अर्धा दिवस गेला. तेव्हापासून गडद पार्श्वभूमीसाठी वेगळी तयार फाइल मागून घेतो. दोन फाइली परवडल्या.

अर्धविराम

बरं, १ च्या २ करतो. माघार मान्य.

पाटीपेन्सिल

पाठवण्याआधी प्रत्येक एसव्हीजी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायची सवय लावून घ्या. तीन गोष्टी बघायच्या. `<text` दिसलं की अक्षरांची आकृती करायची राहिली. `<image` आणि पुढे `data:image/png;base64` असा किलोमीटरभर मजकूर दिसला की ती नावालाच एसव्हीजी, आत पीएनजीच आहे, ती फुटणारच. आणि सुरुवातीच्या `<svg` टॅगमध्ये `viewBox` असायला हवं. ते नसेल तर लोगो लहान केल्यावर आक्रसत नाही, नुसता कापला जातो. फाइल हलकी करणारी साधनं कधी कधी `viewBox` काढून टाकतात. एसव्हीजीओच्या जुन्या आवृत्त्या तर न सांगता काढायच्या. म्हणून हलकी केल्यावर पुन्हा एकदा उघडून बघायचं.

चांगल्या फाइलीची सुरुवात अशी दिसते:

```html
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg" viewBox="0 0 320 80">
```

सुईदोरा

आमच्याकडेही हाच त्रास! लोगो टी-शर्टवर भरतकामात करायला दिला तर त्यांना वेगळीच फाइल लागते म्हणे. आणि पट्ट्यांच्या कडा गोल आल्या. किटमध्ये भरतकामाची फाइलही घाला.

चहाटळ

सुईदोरा, तुमच्या नावाला जागलात. पण इथे साइटचं चाललंय.

निळीशाई

सुईदोरा, भरतकामासाठी टाके बसवलेली फाइल ते लोक स्वतःच तयार करतात, आपण फक्त व्हेक्टर द्यायची. छपाई-भरतकामाचं वेगळं फोल्डर ठेवीनच. पण मागच्या वेळी सगळं एकत्र दिलं हीच माझी चूक झाली असं आता वाटायला लागलंय. छपाईच्या फाइली वेबच्या शेजारी ठेवल्या की कोणी ना कोणी उचलतोच.

नवउद्योगी

मी तिसऱ्या बाजूचा, म्हणजे ज्याच्यामुळे डिझायनर रडतात तो संस्थापक. खरं सांगू? आमच्या डिझायनरने दिलेलं किट कुठे आहे ते मला आज विचारलं तर सांगता येणार नाही. मेलमध्ये एक झिप होती. तिची लिंक संपली. नंतर कोणाला लोगो हवा असला की मी आमच्याच साइटचा स्क्रीनशॉट काढून कापून पाठवतो.

आणि फाइलींची नावं. `logo-white.png` म्हणजे पांढरा लोगो की पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा लोगो? उघडून बघितलं तर पांढऱ्या पडद्यावर काहीच दिसेना. मला वाटलं फाइल बिघडली. एकदा तर 'रिकामी फाइल आली' म्हणून डिझायनरला रागाने मेलही केली होती. हसू नका.

चहाटळ

हसत नाही. (हसतोय.)

खटपट्या

नवउद्योगींचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे, उपरोधाने म्हणत नाही. नाव रंगावरून न देता पार्श्वभूमीवरून द्या: `logo-on-light.svg`, `logo-on-dark.svg`. मग शंकेला जागाच राहत नाही.

पाटीपेन्सिल

मी तर जागेवरून देते. `logo-header.svg`, `logo-footer.svg`. उचलणाऱ्याला विचारच करावा लागत नाही.

खटपट्या

आणि उद्या फूटर पांढरा केला की? `logo-footer.svg` गडद पार्श्वभूमीची म्हणून हेडरमध्ये वापरायची वेळ आली की नाव खोटं बोलायला लागतं. जागा बदलते, पार्श्वभूमी ही फाइलीची खरी अट आहे.

पाटीपेन्सिल

छोट्या टीमला पुढच्या दोन वर्षांचं नको असतं, आजचं पान उभं करायचं असतं. असो, इथे आपलं जमायचं नाही.

निळीशाई

दोघांचं थोडं थोडं घेते: नाव पार्श्वभूमीवरून आणि सोबत एका पानाचा तक्ता, कुठल्या जागी कुठली फाइल. आता ते तीन नारिंगी. माझा रंग `#FF6B00`. साइटवर तो आहेच, शिवाय `#F0701E` आणि आणखी एक फिकट सापडला. हे आले कुठून?

खटपट्या

पीडीएफ छपाईच्या रंगांत, म्हणजे सीएमवायकेत केली होती का? तसं असेल तर डेव्हलपरने आयड्रॉपरने त्यातूनच रंग उचललाय. इतका झगझगीत नारिंगी छपाईच्या शाईत बसत नाही, रूपांतरात मळकट होतो. पीडीएफ दाखवणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्याचं परत रूपांतर करतो, तेही आपापल्या पद्धतीने. म्हणून आकडा अक्षरांत लिहून द्या, कॉपी करता येईल असा. रंगाचे ठिपके कितीही सुबक काढले तरी लोक ठिपक्यावरूनच उचलतात.

तिसरा फिकट मात्र वेगळ्या कारणाने आला असेल. बटणावर पांढरी अक्षरं आहेत का?

निळीशाई

हो, पांढरीच. नियमावलीत मीच दाखवलं होतं तसं.

खटपट्या

मग हा घोळ तुमच्या रंगातच आहे, रागावू नका. `#FF6B00` वर पांढरी अक्षरं ठेवली तर कॉन्ट्रास्ट येतो सुमारे २.८५ ला १. साध्या मजकुराला वेबच्या सुलभता निकषांत किमान ४.५ लागतो, मोठ्या अक्षरांनाही ३. म्हणजे दोन्हीकडे नापास. कोणीतरी तपासणी चालवली असेल, लाल शेरा आला असेल, आणि मग ज्याला जे सुचलं तो रंग त्याने घातला. नियमावलीत पर्याय दिलेला नसला की पर्याय घरोघरी तयार होतात.

लोगोला हा निकष लागू नाही, त्यामुळे लोगोचा नारिंगी तसाच राहू द्या. फक्त बटणासाठी त्याचाच गडद भाऊ तुम्हीच ठरवून द्या. `#B84A00` घेतला तर पांढऱ्या अक्षरांशी ५.२ च्या आसपास जातो. किंवा बटण मूळ नारिंगीच ठेवा आणि अक्षरं `#1A1A1A` करा, तिथे ६ च्या वर मिळतात. दोन्हीतलं एक निवडा आणि कामावरून नाव द्या:

```css
:root {
  --brand-orange: #FF6B00;  /* फक्त लोगो आणि सजावट */
  --color-action: #B84A00;  /* बटण, लिंक */
  --on-action: #FFFFFF;
}
```

ही फाइल किटमध्येच टाका. आम्ही पीडीएफ वाचत नाही, पण सीएसएस आयती मिळाली तर आनंदाने चिकटवतो.

अर्धविराम

गडद नारिंगी म्हणजे तपकिरीच की. ब्रँडचा जीवच गेला.

निळीशाई

मलाही तपकिरी नको वाटतोय. नारिंगीवर काळपट अक्षरं करून बघते. ग्राहक 'जड दिसतं' म्हणणार याची खात्री आहे, पण बघू.

गोंद्या

टॅबमधल्या मुंगीचं राहिलं.

पाटीपेन्सिल

हो, मुंगी! तिथे अख्खा लोगो टाकायचाच नाही, फक्त चिन्ह. पण चिन्हही नुसतं लहान करून भागत नाही. निळीशाई, तुमच्या तीन पट्ट्या आणि मधल्या दोन फटी सारख्याच जाडीच्या आहेत का?

निळीशाई

हो, पाचही भाग समान.

पाटीपेन्सिल

मग हिशोब करा. १६ पिक्सेलचे पाच समान भाग म्हणजे प्रत्येकी ३.२. पिक्सेल काही अर्धवट पेटत नाही, त्यामुळे मधली प्रत्येक कडा एखाद्या पिक्सेलच्या आतच पडते आणि धुरकट होते. लहान आकारासाठी चिन्ह वेगळं काढा: पट्टी ४, फट २, पट्टी ४, फट २, पट्टी ४. बेरीज बरोबर १६. ३२ ला सगळं दुप्पट, तरी कडा पूर्ण पिक्सेलवरच. `viewBox="0 0 16 16"` वरच काढलंत की झालं.

अर्धविराम

म्हणजे लोगोचं प्रमाणच बदललं! मग 'लोगोचं प्रमाण बदलू नये' हा नियम डिझायनरनेच मोडला की नाही?

पाटीपेन्सिल

मोडला, आणि मोडायलाच हवा होता. डिझायनरने नाही मोडला तर ब्राउझर मोडतो, तोही वाईट तऱ्हेने. '२४ पिक्सेलच्या खाली ही फाइल वापरा' असा नियम लिहायचा.

अर्धविराम

मला नाही पटत. दोन चिन्हं म्हणजे दोन लोगो. पण चालू द्या.

खटपट्या

या जागेसाठी आम्हाला लागतं ते एवढंच, फाइली याच नावांनी द्या:

```html
<link rel="icon" href="/favicon.ico" sizes="32x32">
<link rel="icon" href="/icon.svg" type="image/svg+xml">
<link rel="apple-touch-icon" href="/apple-touch-icon.png">
```

शेवटची १८० बाय १८० ची, आणि तिची पार्श्वभूमी भरलेली हवी. पारदर्शक दिलीत तर फोनच्या होम स्क्रीनवर मागे काळं येतं. चिन्हाला कडेने थोडी जागाही सोडा, कारण फोन कोपरे गोल कापतो. (हो, वर मी जागा सोडू नका म्हणालो होतो. इथे सोडा. नियम म्हटला की अपवाद आलाच.)

नवउद्योगी

आणि लिंक शेअर केल्यावर वर जे चित्र येतं ते? आमच्या लिंकवर अजून जुनाच लोगो येतो. तीनदा फाइल बदलून झाली.

पाटीपेन्सिल

ते `og:image`. १२०० बाय ६३० ची पीएनजी किंवा जेपीजी द्यायची, एसव्हीजी तिथे चालत नाही. फाइल बदलली पण नाव तेच ठेवलंत ना? समोरची साइट जुनं चित्र स्वतःकडे साठवून बसलेली असते. नाव बदला, `og-v2.png` असं काहीतरी, आणि पानातला पत्ताही बदला. मेलच्या सहीतल्या लोगोलाही पीएनजीच लागते, बऱ्याच मेल प्रोग्रॅमना एसव्हीजी दिसत नाही. म्हणून 'सगळ्या पीएनजी उडवा' तेवढं नको.

अर्धविराम

माझ्या पहिल्या प्रतिसादाचं आता फक्त विरामचिन्ह उरलंय.

गोंद्या

फॉन्टच्या फाइली किटमध्ये घालायच्या का?

निळीशाई

फॉन्ट मुक्त परवान्याचा असेल तर घालते. विकतचा असेल तर नाही. माझा परवाना माझ्या संगणकापुरता असतो, साइटवर वापरायला त्यांना त्यांच्या नावाने वेबचा परवाना घ्यावा लागतो. किटमध्ये फॉन्टचं नाव, कोणत्या जाडीचे प्रकार लागतात आणि परवाना कुणाकडे आहे एवढं लिहिते.

*

निळीशाई

तीन आठवड्यांनी परत आले. झालं ते सांगते.

नवीन किटमध्ये वेबच्या फाइली नऊ. चार एसव्हीजी: पूर्ण लोगो आणि नुसतं चिन्ह, दोन्ही उजळ आणि गडद पार्श्वभूमीसाठी. मग फेविकॉनच्या दोन, फोनची एक, शेअरच्या चित्राची एक, मेलच्या सहीची एक. शिवाय रंगांची सीएसएस. छपाईचं सगळं वेगळ्या झिपमध्ये, डेव्हलपरला दिलंच नाही. नियमावली दोन पानांची. झिपऐवजी सगळं त्यांच्याच साइटवर `/brand` या पानावर ठेवायला लावलं, म्हणजे लिंक संपायचा प्रश्न नाही आणि नवउद्योगींसारख्यांना स्क्रीनशॉट काढायची गरज नाही.

द्यायच्या आधी एक प्रयोग केला. डेव्हलपरला म्हटलं, मला काहीही न विचारता यातून एक चाचणी पान उभं कर, आणि जिथे विचारावंसं वाटेल ते फक्त लिहून ठेव. त्याने दोन प्रश्न लिहिले. एक, मोबाइलच्या हेडरमध्ये पूर्ण लोगो की नुसतं चिन्ह? मी लिहिलंच नव्हतं. आता लिहिलं: नावासकट लोगो १२० पिक्सेल रुंदीपेक्षा लहान होणार असेल तर नुसतं चिन्ह. दुसरा, फोटोवर लोगो ठेवायचा तर कुठली फाइल? त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खटपट्या

दोनच प्रश्न म्हणजे फारच छान. फोटोवर काय ठरवलंत?

निळीशाई

सध्या 'ठेवू नका' असं लिहून टाकलंय. संस्थापकाला पहिल्या पानावर मोठा फोटो हवाच आहे, त्यामुळे हे किती दिवस टिकतंय बघू. बटणावर काळपट अक्षरं मात्र मान्य झाली. 'जड दिसतं' म्हणालेच.

चहाटळ

पान क्रमांक ३ ची तयारी ठेवा.

सुईदोरा

आणि भरतकामाची फाइल?

निळीशाई

दिली हो, दिली. छपाईच्या झिपमध्ये आहे.